दोन शब्दांची साक्ष : श्रवणबेळगोळची ओळ कोणत्या भाषेची?

काही महिन्यांपूर्वी आमच्या वसाहतीतील एक नेपाळी रखवालदार औषधाचे पाकीट घेऊन आमच्याकडे आला. ते त्याच्या भावाने गावाहून आणले होते. पाकिटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘दिनको दुई पटक’ असे देवनागरीत लिहिलेले होते. रखवालदाराला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. आमच्या आधी शेजारच्या एका सद्गृहस्थांनी ती ओळ हिंदी समजून वाचली होती आणि त्याला सांगितले होते की दोन्ही गोळ्या दिवसा घ्यायच्या, रात्री काही घ्यायचे नाही. ‘दिन को’ म्हणजे दिवसा, हा हिंदीचा अर्थ त्यांनी लावला. ओळ मात्र नेपाळी होती. नेपाळीत ‘को’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे. म्हणून अर्थ झाला ‘दिवसाचे दोन वेळा’, आणि ‘पटक’ म्हणजे खेप. बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे औषध तो माणूस चार तासांच्या अंतराने घेत होता.

भाषा ओळखण्यात झालेली चूक ही अशी असते. लिपी ओळखीची, दोन शब्द ओळखीचे, म्हणून भाषाही ओळखीची, असे आपण गृहीत धरतो. औषधाच्या पाकिटावर हे गृहीतक प्रकृतीस बाधते. शिलालेखावर ते इतिहासास बाधते. आणि सीमावादात ते आपल्याच बाजूस बाधते. या लेखात आम्ही मराठीच्या इतिहासातील एका अतिप्रसिद्ध ओळीची उलटतपासणी करणार आहोत. परंतु त्याआधी तपासणीची रीत पाकिटावरच पाहू, कारण ती रीत दोन्हीकडे एकच आहे.

बहुतेक औषधांवर लहान मुलांविषयीची एक सूचना असते. हिंदीत ती ‘बच्चों की पहुँच से दूर रखें’ अशी येते. नेपाळीत ‘बालबालिकाको पहुँचबाट टाढा राख्नुहोस्’. कोकणीत हेच सांगायचे तर ‘भुरग्यांपसून पयस दवरात’ असे होईल आणि मराठीत ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’. चारही ओळी देवनागरीत आहेत. म्हणजे लिपीने आपल्याला काहीच सांगितले नाही. लिपी ही लिहिण्याची सवय आहे. आपली मराठी शतकानुशतके मोडीत लिहिली गेली, आणि कोकणी आजही देवनागरी, रोमन व कन्नड अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाते. लिपीवरून भाषा ठरवणे म्हणजे अंगरख्यावरून जात ठरवण्यासारखे आहे.

शब्दसंग्रहही फार दूर नेत नाही. ‘पहुँच’ हिंदीत आहे आणि नेपाळीतही आहे. ‘दूर’ हिंदीत आहे आणि मराठीतही आहे. शब्द बाजारातून घरात येतात, घरातून बाजारात जातात. ज्या गोष्टी सहसा उसन्या घेतल्या जात नाहीत त्या म्हणजे नामाला जोडलेले प्रत्यय आणि क्रियापदाचा शेवट. म्हणून अनोळखी ओळ हाती आली की आम्ही ती शेवटाकडून वाचतो. ‘राख्नुहोस्’ मधील ‘नुहोस्’ हा आदरार्थी आज्ञार्थ नेपाळीचा आहे. त्यातही शेवटच्या अक्षराचा पाय मोडून लिहिण्याची पद्धत लगेच डोळ्यांत भरते. ‘रखें’ मधील ‘एं’ हिंदीचा. ‘दवरात’ मधील ‘आत’ कोकणीचा. येथे मराठी डोळा हमखास फसतो, कारण आपल्याला तो ‘घरात’, ‘गावात’ यांतील सप्तमीसारखा वाटतो आणि ‘दवर’ नावाची काही जागा असावी असा भास होतो. प्रत्यक्षात ‘दवरप’ म्हणजे ठेवणे आणि ‘दवरात’ म्हणजे ठेवा. ही चूक टाळण्याचा उपाय एकच आहे : एका प्रत्ययावर निकाल द्यायचा नाही. एका प्रत्ययाने संशय घ्यावा, दुसऱ्याने तो पडताळावा आणि मगच भाषेचे नाव उच्चारावे.

काही ओळींचा निकाल लागतच नाही, हेही आरंभीच सांगून ठेवले पाहिजे. ‘धूम्रपान निषिद्ध’ हा फलक घ्या. यात प्रत्यय नाही, क्रियापद नाही. दोन तत्सम शब्द शेजारी उभे आहेत. ही ओळ मराठी म्हणता येईल, हिंदी म्हणता येईल, नेपाळी किंवा कोकणीही म्हणता येईल. फलक कोठे लावला आहे हे ठाऊक असेल तर आपण अंदाज बांधू, पण तो अंदाज जागेवरून बांधलेला असेल, ओळीवरून नव्हे. भाषा ओळखणाऱ्याला ‘या ओळीवरून सांगता येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य हवे.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे विंध्यगिरी टेकडीवर गोमटेश्वराची एकाच पाषाणात कोरलेली भव्य मूर्ती आहे. गंग राजांचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने ती दहाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास करविली. इसवी सन 981 ते 983 ही वर्षे त्यासाठी सांगितली जातात. मूर्तीच्या पायांच्या दोन्ही बाजूंना वारुळांच्या आकाराचे जे पाषाण कोरलेले आहेत, त्यांवर काही छोटे लेख आहेत. त्यांपैकी नागरी लिपीतील एक ओळ अशी :

श्रीचावुण्डराजें करवियलें

आणि तिच्याजवळच दुसरी :

श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें

पहिली मूर्तीविषयी आहे. दुसरी, मूर्तीभोवतीचा प्राकार बांधविणाऱ्या गंगराजाविषयी आहे. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. त्याचे हे काम बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, सुमारे 1117 चे. आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पहिली ओळ ‘मराठीतील आद्य शिलालेख’ म्हणून शिकवली गेली. आमच्या पिढीतील प्रत्येकाला ती पाठ आहे, आणि सीमाभागातील आमच्या सभांतून ती कित्येकदा ऐकविली गेली आहे. परंतु कन्नड मुलखात, कन्नड राजसत्तेखाली कोरलेली ही दोन शब्दांची ओळ मराठी आहे, हे कशावरून? हा प्रश्न प्रतिपक्षाने विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा.

सुदैवाने येथे एक असा पुरावा आहे जो पाकिटावर क्वचितच मिळतो. तीच गोष्ट सांगणारे आणखी दोन लेख त्याच मूर्तीपाशी आहेत. कन्नडमध्ये ‘श्रीचामुण्डराजं माडिसिदं’, आणि तमिळमध्ये, ग्रंथ व वट्टेळुत्तु लिप्यांत, ‘श्रीचामुण्डराजन् शेय्वित्तान्’. तिन्हींचा आशय एकच आहे, तो म्हणजे हे चामुंडरायाने करविले. म्हणून अर्थाविषयी वाद उरत नाही आणि आपण केवळ रचनेकडे पाहू शकतो.

कन्नड ओळीत ‘राजं’ ही प्रथमा आहे. ‘माडिसिदं’ हे क्रियापद त्या राजाला अनुसरते. ते पुल्लिंगी एकवचनी आहे आणि अर्थ ‘त्याने करविले’ असा असला तरी रचना ‘तो करविता झाला’ अशी आहे. बेळगावात ‘माडु’ कोणाला ठाऊक नाही? त्याच धातूला ‘इसु’ हा प्रयोजक प्रत्यय लागून ‘माडिसु’ म्हणजे करविणे. तमिळ ओळीत तीच घडण आहे : ‘राजन्’ प्रथमा, आणि ‘शेय्वित्तान्’ मधील ‘आन्’ पुन्हा त्या पुरुषाकडेच बोट दाखवितो. द्रविड भाषांत कर्ता प्रथमेत उभा राहतो आणि क्रियापद त्याच्या मागे चालते.

नागरी ओळीत हे उलटे आहे. ‘राजें’ ही तृतीया आहे. ‘देवें’, ‘रायें’ या जुन्या मराठी रूपांसारखी, आजच्या भाषेत ‘राजाने’. आणि ‘करवियलें’ हे क्रियापद राजाला अनुसरत नाही. राजा पुल्लिंगी, क्रियापद नपुंसकलिंगी. जे करविले गेले त्याला ते अनुसरते. म्हणजे हा आपल्या ओळखीचा कर्मणी प्रयोग आहे : रामाने घर बांधले, सीतेने घर बांधले, कर्ता बदलला तरी ‘बांधले’ बदलत नाही. ही घडण कन्नडमध्येही नाही आणि तमिळमध्येही नाही. कोणी म्हणेल की ही कन्नड ओळच नागरीत उतरवलेली आहे, तर तो दावा या एका मुद्द्यावर कोसळतो. येथे शब्दच नव्हे, वाक्याचा कणाच निराळा आहे.

एका फसव्या साम्याचा उल्लेख केला पाहिजे. तमिळ ‘शेय्वित्तान्’ मध्येही ‘वि’ आहे आणि ‘करवियलें’ मध्येही ‘वि’ आहे, आणि दोन्ही प्रयोजक आहेत. म्हणून कोणी दोहोंचा संबंध जोडू पाहील. परंतु आपला ‘वि’ संस्कृतातील ‘आपय’ या प्रयोजक प्रत्ययापासून प्राकृतातील ‘आवे’ या रूपामार्गे आलेला आहे. त्याची वंशावळ स्वतंत्र आहे. अकरा अक्षरांच्या ओळीत एका अक्षराचे साम्य योगायोगानेही सापडते. म्हणूनच एका प्रत्ययावर निकाल नको.

कन्नड व तमिळ बाद झाल्या. उत्तरेकडील आर्यभाषांपैकी कोणती, हे आता ठरवायचे. येथे दोन खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पहिली खूण भूतकाळी ‘ल’ ही होय. हिंदीत तो नाही. तेथे ‘करवाया’ होईल. पण बंगाली, ओडिया, असमिया आणि बिहारमधील भाषांत भूतकाळी ‘ल’ आहे. गुजरातीतही ‘करेलुं’ असे ‘ल’ असलेले धातुसाधित आहे. म्हणून केवळ ‘ल’ पाहून मराठी म्हणणे घाईचे ठरेल. दुसरी खूण शेवटचा ‘एं’, म्हणजे नपुंसकलिंगाचा प्रत्यय. बंगालीपासून बिहारपर्यंतच्या त्या भाषांत नपुंसकलिंग उरलेले नाही. गुजरातीत ते आहे, पण त्याचा शेवट ‘उं’ असा होतो, ‘एं’ असा नव्हे. भूतकाळी ‘ल’ आणि नपुंसकलिंगी ‘एं’ या दोन्ही खुणा एकाच शब्दात जेथे भेटतात तो मुलूख कोकणपट्टी व दख्खनचे पठार हा आहे. दोन जाळी एकमेकांवर टाकल्यावर जी मासळी दोन्हींत राहते ती ही.

येथवरचा युक्तिवाद आम्हांला भक्कम वाटतो. पुढचे पाऊल मात्र आमच्या वाचकांपैकी काहींना रुचणार नाही. या दोन शब्दांवरून ही भाषा मराठी की कोकणी, हे ठरत नाही. गोव्यातील कोकणी अभ्यासक ही ओळ आपली मानतात, आणि त्यांचा दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘करवियलें’ चे आजच्या कोकणीतील ‘करयलें’ या रूपाशी जवळचे नाते दिसते. उलट बाजूस ‘देखियेलें’, ‘पाहियेलें’ अशी रूपे आपल्या संतवाङ्मयात विपुल आहेत, तेव्हा ‘इयलें’ हा शेवट कोकणीची खासगी मालमत्ता ठरत नाही. ज्या खुणांनी आज मराठी व कोकणी वेगळ्या ओळखता येतात, जसे कोकणीचा ‘करूंक’ आणि मराठीचा ‘करायला’, त्यांपैकी एकही या ओळीत आलेली नाही. ज्या मुद्द्यावर साक्षीदार बोललाच नाही, त्या मुद्द्यावर त्याच्या तोंडी शब्द घालणे वकिलाला शोभत नाही. ओळ मराठी-कोकणी कुळातील आहे, आणि तिला ‘मराठी’ म्हणण्याची प्रथा सर्वमान्य ग्रंथांत रूढ आहे, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

दुसरी ओळ आणखी एक गोष्ट शिकविते. ‘सुत्ताले’ हा शब्द मराठी नाही. कन्नडमध्ये ‘सुत्तु’ म्हणजे भोवती, वेढा. त्याला ‘आलय’ जोडून ‘सुत्तालय’, म्हणजे भोवतीची इमारत, प्राकार. गंगराजाच्या कन्नड लेखात हाच शब्द आहे, आणि तेथे त्याला कन्नडचा द्वितीयेचा प्रत्यय लागून ‘सुत्तालयवं’ झाले आहे. नागरी ओळ कोरविणाऱ्याने तो शब्द उचलला, पण त्याचा कन्नड प्रत्यय मागे ठेवला. म्हणजे तीन शब्दांच्या ओळीत एक विशेषनाम, एक कन्नड नाम आणि एकच देशी क्रियापद आहे. शब्द मोजून भाषा ठरवायची म्हटली तर ही ओळ कन्नड ठरण्याचा धोका आहे. तरीही ती कन्नड नाही, कारण वाक्य चालविणारे प्रत्यय कन्नड नाहीत. आमच्या बेळगावी मराठीत कन्नड शब्द आहेत म्हणून तिला ‘भेसळ’ म्हणून हिणविणाऱ्यांना या ओळीकडे बोट दाखवावे. ही रीत आठ-नऊशे वर्षांची आहे.

आता काळाचा प्रश्न. पहिली ओळ 983 ची म्हणून आद्य, असे आपण शिकलो. पण 983 हे वर्ष कशाचे? मूर्तीचे. ओळीत स्वतःत कोणताही शक कोरलेला नाही. चामुंडरायाची ओळ आणि गंगराजाची ओळ यांचे अक्षरवळण पाहता त्या एकाच वेळी, एकाच हाताने कोरल्या असाव्यात, असे मत पुराभिलेखांच्या अभ्यासकांनी मांडलेले आहे. गंगराजाची ओळ त्याच्या हयातीपूर्वी कोरली जाणे शक्य नाही. तेव्हा दोन्ही एकाच वेळच्या असतील तर चामुंडरायाची ओळसुद्धा सुमारे 1117 ची ठरते; गंगराजाने प्राकार बांधविला तेव्हा मूर्तीच्या जुन्या कर्त्याचेही नाव त्याच भाषेत नोंदवून घेतले असावे. न्यायालयात हा भेद रोजचा आहे. दस्तऐवजात नमूद केलेली घटना एका तारखेची असते आणि दस्तऐवज लिहिल्याची तारीख दुसरी असते. विक्री 1950 मध्ये झाली असे 1980 च्या कागदात लिहिलेले असेल, तर तो कागद 1950 चा होत नाही. याच कारणाने शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकाने आद्यत्वाचा मान अलिबागजवळच्या अक्षी येथील शक 934, म्हणजे इसवी सन 1012 च्या लेखाला दिला.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी ठेवला आहे. ही ओळ काय सिद्ध करते? चामुंडराय मराठी होता, असे ती सिद्ध करीत नाही. त्याने कन्नडमध्ये ग्रंथरचना केली आहे. श्रवणबेळगोळ मराठी मुलूख होता, असेही नाही. तसे म्हटले तर तमिळ ओळीच्या आधारे तो तमिळ मुलूखही ठरेल. तीन भाषांतील तीन ओळी एवढेच सांगतात की त्या तीर्थावर तीन भाषा वाचणारे येत होते, आणि लेख कोरविणाऱ्याला त्या तिघांनाही आपले म्हणणे कळावे असे वाटत होते. रेल्वे स्थानकावरील त्रिभाषी पाटी त्या गावाच्या लोकसंख्येची मोजणी नसते; ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय असते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सभांतून या ओळीचा उपयोग सीमावादाचा पुरावा म्हणून होताना आम्ही ऐकले आहे. तो उपयोग आपल्याच हिताचा नाही. सोलापूर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत कन्नड शिलालेख कितीतरी आहेत. मध्ययुगीन दगडावरील भाषेने आजची सीमा ठरणार असेल, तर त्या न्यायाने काय काय द्यावे लागेल याची कल्पना करावी. 1956 च्या पुनर्रचनेपासून आपली मागणी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या तत्त्वांवर उभी आहे. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा जिवंत माणसांच्या भाषेविषयी आहे. त्याला श्रवणबेळगोळच्या टेकूची गरज नाही, आणि तो टेकू दिला तर प्रतिपक्ष प्रथम तोच काढील.

मग या ओळीचे मोल काय? आमच्या मते ते मोठे आहे, फक्त निराळे आहे. कन्नड राज्यातील कन्नड सेनापतीने, कन्नड तीर्थावर, स्वतःच्या भाषेतील लेखाशेजारी येणाऱ्या परभाषी यात्रेकरूसाठी त्याच्या भाषेत एक ओळ कोरविली, आणि त्या ओळीने कन्नडचे काही बिघडले नाही. आज आमच्या गावांतील मराठी माणूस सरकारी दवाखान्यातील सूचना, सात-बाराचा उतारा आणि मतदारयादी आपल्या भाषेत मागतो, तेव्हा तो याहून अधिक काही मागत नसतो.

रखवालदाराला आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. औषधाच्या वेळा त्यांनी ठरवून दिल्या : सकाळी आठ आणि रात्री आठ. चिठ्ठीखाली आम्ही त्याच्यासाठी एक सूर्य आणि एक चंद्र काढून दिला. ती भाषा ओळखण्यात चूक होत नाही.